हॉल तिकिटावर AN दिसलं तर

भाचीच्या हॉल तिकिटावर 05/04/2025 आणि पुढे AN एवढंच होतं. घरात दोघांनी ते चक्क ‘4 मे, सकाळ’ असं वाचलं!

1. आधी दिवस, मग महिना. म्हणजे 5 एप्रिल. तिकिटावर वार छापला असेल तर कॅलेंडरशी जुळवा: 5 एप्रिलला शनिवार होता, 4 मेला रविवार.
2. FN म्हणजे दुपारी बाराच्या आधीचं सत्र, AN म्हणजे नंतरचं. A दिसला की आपण AM समजतो, गल्लत तिथेच होते.
3. पेपरची नाही, गेट बंद होण्याची वेळ शोधा. सेंटर हिंगणा रोडला आणि घर सीताबर्डीला असेल, तर गेट बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजून निघा.

खुणा झेरॉक्सवरच करा, मूळ तिकिटावर पेन लावू नका.