हॅमस्टर रात्रभर खुडबुडतोय? मग या चुका टाळा

माझी धाकटी बहीण बेळगावात वडगावला राहते. खालच्या मजल्यावर माग, वरच्या मजल्यावर घर. दिवसभर मागाच्या खटखटीतही घरातली माणसं निवांत दुपारची झोप काढतात. पण भाच्यानं हॅमस्टर आणला आणि चौथ्या रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, रात्रभर फिरायलंय की हे! चाक काढून टाकू काय?"

"काढू नको," म्हटलं, "रविवारी येतो मी."

चाक काढणं ही पहिली चूक. हॅमस्टर दिवसा झोपतो आणि अंधार पडला की उठतो. रात्रभरात तो काही किलोमीटर सहज पळतो. चाक काढलं तर पळायची ती खुमखुमी पिंजऱ्याच्या गजांवर निघते. मग तो गज चावत बसतो, त्यात दात आणि नाक दुखावतात, आणि तो आवाज चाकापेक्षा जास्त छळतो. दिवसा टोचून टोचून जागं ठेवलं म्हणजे रात्री झोपेल, हाही उपाय करून बघू नका. तो रात्री झोपत नाही, फक्त चिडका होतो.

रविवारी गेलो तर भाच्यानं आधी नाव सांगितलं, कुंदा. रंग बघितल्यावर दुसरं कुठलं नाव शोभलंच नसतं म्हणा. पिंजरा समोरच्या खोलीत होता, मागांच्या बरोबर वर, आणि शेजारची पोरं येता-जाता त्यात बोट घालायची. म्हणजे कुंदाला दिवसा झोप नाही आणि बहिणीला रात्री नाही. पिंजरा आतल्या खोलीत हलवला. तिथं ऊन थेट येत नाही आणि रात्री कोणी झोपतही नाही.

मग चाक बघितलं. पिंजऱ्याबरोबर दुकानात मिळालेलं, तारेचं. पट्टीनं मोजलं तर जेमतेम 14 सेंटीमीटर. कुंदा सिरियन जातीची, म्हणजे आपल्याकडे गोल्डन म्हणून विकतात ती मोठी जात. तिला साधारण 28 सेंटीमीटर व्यासाचं चाक लागतं. बुटक्या जातींना 20 च्या आसपास पुरतं. चाक लहान आहे का हे कळायला मोजपट्टीही लागत नाही. रात्री तो पळत असताना बाजूनं बघा. पाठ सरळ हवी. मान मागं आणि कंबर वर जाऊन पाठीची होडी होत असेल, तर चाक लहान आहे. रोज तासन् तास असं पळून कण्यावर ताण येतो. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो तो वेगळाच, म्हणून पळायची जागा सलग, बिनफटीची हवी.

आवाज येतो तो आसातून. तिथं यंत्राचं तेल घालू नका, तो चाटतो. खोबरेलाचा थेंब चालतो, पण आपल्याकडच्या थंडीत खोबरेल थिजतं, मग शेंगतेल वापरा. आम्ही शेवटी नवीनच चाक केलं. 28 सेंटीमीटरचा सपाट बुडाचा प्लास्टिकचा उथळ टब आडवा धरला. उद्यमबागेत काम करणाऱ्या मेव्हण्यानं त्याच्या मध्यावर 608 नंबरचं बेअरिंग बसवलं, तेच स्केटिंगच्या चाकात असतं ते. बेअरिंग टबाच्या मागच्या बाजूला, तिचं तोंड पोचणार नाही असं. आत पाय घसरू नयेत म्हणून कॉर्कची पट्टी लावली. आता आवाज येतो तो फक्त पावलांचा.

पिंजऱ्याच्या तळाला सुताराकडचा भुसा होता, दोन बोटं जाडीचा. भुशात काय काय असतं ते सुतारालाही सांगता येत नाही: सागवान, पाइन, प्लायवूडचा डिंक. बारीक धुळीनं हॅमस्टर शिंकतो, नाक-डोळे ओले होतात. पाइन-देवदाराचा जो वास आपल्याला छान वाटतो, तोच त्याच्या श्वासाला त्रास देतो. शिवाय दोन बोटांत बीळ होत नाही, आणि हा प्राणी मुळात बिळातला. निदान 20 सेंटीमीटर थर हवा. न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि मधेमधे कडक उन्हात वाळवलेलं गवत घातलं की बोगदा ढासळत नाही. एवढा थर त्या पिंजऱ्यात मावणारच नव्हता, म्हणून मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद खोका घेतला आणि झाकणाला जाळी लावली. चाक थरावर ठेवू नका. तळावर विटा रचून त्यावर ठेवा, नाहीतर खालून बीळ खणल्यावर ते तिच्याच अंगावर येईल.

जुना थर उपसताना खरा प्रकार दिसला. भाच्यानं मऊ घरटं व्हावं म्हणून मागावरचं वाया गेलेलं सूत आत टाकलं होतं. कुंदाच्या मागच्या डाव्या पायाला त्याचा एक धागा तीन वेढे घेऊन रुतला होता आणि बोटं टरारून सुजली होती. तिला मऊ फडक्यात गुंडाळून बहिणीनं धरलं, मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक वेढा कापला. दोन दिवसांत सूज उतरली. पाय निळा-काळा पडला असता तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडेच जावं लागलं असतं. सूत, वातीचा कापूस, दुकानात मिळणारा पिंजलेला "बेड", सगळं बाद. घरट्यासाठी बिनवासाचा टिश्यू कागद फाडून द्या, तो तुटतो, वेढे घेत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. थर दमट होतो, कुबट वास येतो. तरी सगळा एकदम बदलू नका. ती मुतते तो कोपरा दोन-तीन दिवसांनी काढा आणि बाकीचं बदलताना कोरडं असेल तेवढं जुनं तिसरा हिस्सा ठेवा. स्वतःचा वास एकदम गेला तर हॅमस्टर बावचळतो.

हाताळण्याबद्दल भाच्याची तक्रार होती, "मामा, ती चावते!" चावणारच. दुपारी झोपेतून उचलायचं, तेही वरून झडप घालून, म्हणजे तिला घारच आली असं वाटणार. नजर अधू असते, ओळख वासावर. पहिला आठवडा हात लावायचा नाही. मग रात्री आठ-नऊला, ती आपणहून बाहेर आल्यावर, हात बिनवासाच्या साबणानं धुऊन उघडा तळवा आत ठेवायचा, त्यावर सूर्यफुलाचं एक बी. कुंदाला तळव्यावर चढायला अकरा दिवस लागले. त्यानंतर दोन्ही हातांच्या ओंजळीनं खालून उचलायचं आणि जमिनीवर मांडी घालूनच. उंचीचा अंदाज तिला येत नाही, कमरेएवढ्या उंचीवरून पडली तरी पाय मोडतो. चावली तर हात झटकू नका, खाली टेकवा. जखम साबणानं धुऊन डॉक्टरांना दाखवा.

बहीण आता झोपते. तिला एवढंच सांगून ठेवलंय की एखाद्या रात्री चाक फिरलंच नाही तर उठून बघ. शेपटीकडचा भाग ओला-घाण आणि हगवण दिसली तर त्याच दिवशी उपचार हवेत, लहान जीव एक-दोन दिवसांत जातो. थंडीच्या रात्री गार पडून निपचित दिसली तर मेली समजू नका. श्वास अगदी मंद चालू असतो. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या आणि शुद्धीवर आली तरी डॉक्टरांना दाखवा. तालुक्यातले बरेच डॉक्टर गाई-म्हशींच्या कामात असतात, तेव्हा हॅमस्टर बघणारा कोण ते आजच विचारून नंबर खोक्यावर चिकटवून ठेवा.