लग्नानंतर बँक खात्यावरचं नाव बदलताय? या चुका टाळा

लग्न झालं की पगार जमा होणाऱ्या बँकेतच सगळ्यात आधी नाव बदलायला बऱ्याच जणी येतात. मी काउंटरवर बसते, त्यामुळे हे रोज बघते. बँकेत नवं नाव लागलं आणि पॅनवर जुनंच राहिलं, तर घोळ होतो. पुढे आयकराचा परतावा यायचा असतो, तेव्हा खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळत नाही. आयकराच्या पोर्टलवर खातं प्रमाणित होत नाही आणि पैसे अडकतात. म्हणून आधी आधार, मग पॅन आणि शेवटी बँक, असा क्रम ठेवा.

दुसरी चूक स्पेलिंगची. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. एका ताईंच्या आधारवर पतीचं नाव Dnyaneshwar होतं, पॅनवर Dyaneshwar. फरक एका अक्षराचा, पण अर्ज परत गेला. पतीच्या आधारवर जे स्पेलिंग आहे तेच अक्षरन् अक्षर तुमच्या प्रत्येक अर्जात लिहा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे एक संधी अशी चुकीच्या अक्षरावर गेली की फार वाईट वाटतं. केंद्रावर पावती हातात आली की तिथेच उभं राहून नाव वाचा.

कागदपत्रांमध्ये विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सगळ्यात महत्त्वाचं. लग्नपत्रिका किंवा मंगल कार्यालयाची पावती बँकेत चालत नाही. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करून मिळालेलं प्रमाणपत्रच लागतं. लग्नात पहिलं नावही बदललं असेल, तर नुसत्या विवाह प्रमाणपत्रावर भागत नाही. राजपत्रात नावबदल छापून घ्या. बँकेत येताना नवं आधार, नवं पॅन, पासबुक आणि फोटो आणा. मूळ कागद दाखवायला हवेत, आणि झेरॉक्सवर स्वतः सही करा.

आधार अजून बदलून आलं नसेल आणि घाई असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत एक सोय आहे: जुन्या नावाचं ओळखपत्र चालतं, पण त्यासोबत नावातला बदल दाखवणारं राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र हवं. पॅनचं काम मात्र लगेच पुढे करा.

सहीकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. नव्या आडनावाने सही करणार असाल, तर नमुना सहीही बदलून घ्या. कर्जाच्या हप्त्यांसाठी आधीच दिलेले जुन्या सहीचे चेक असतील, तर ते बदलून देईपर्यंत नमुना सही बदलू नका, नाहीतर सही जुळत नाही म्हणून ते परत जातील. आणि माहेरच्या नावाने कुणाचा चेक यायचा असेल, तर तो जमा होईपर्यंत अर्ज थांबवा.