छोट्या दवाखान्याच्या ओपीडीसाठी अभिप्राय-चिठ्ठी आणि नेट प्रमोटर स्कोअर: पहिली चिठ्ठी वाटण्यापूर्वीची तयारी

इंदूरच्या रामबाग भागातील एका दोन डॉक्टरांच्या दवाखान्याचे कार्यालयीन काम मी पाहतो. ओपीडीत रोज साधारण चाळीस रुग्ण येतात, म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास भेटी होतात. रुग्णांचा अभिप्राय नियमित घ्यावा आणि त्यातून नेट प्रमोटर स्कोअर, म्हणजे दवाखाना इतरांना सुचवणारे आणि नाराज यांच्या टक्केवारीतला फरक, काढावा, असे ठरले तेव्हा आम्ही प्रथम चिठ्ठ्या छापल्या आणि विचार नंतर केला. त्या उलट्या क्रमाची किंमत मोजल्यावर तयार झालेली ही यादी आहे.

सर्वप्रथम प्रश्नाचे शब्द ठरवावेत आणि ते ठरल्यावर वर्षभर बदलू नयेत. या पद्धतीचा मूळ प्रश्न, जो अमेरिकी व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडला, तो असा की हे ठिकाण तुम्ही मित्राला किंवा सहकाऱ्याला सुचवाल याची शक्यता ० ते १० मध्ये किती. दुकानाबद्दल हा प्रश्न सहज खपतो. दवाखान्याबद्दल तो जसाच्या तसा विचारला की लोक अडखळतात, कारण कुणाला दवाखान्यात यावे लागो असे कोण म्हणेल? आमच्या पहिल्या चिठ्ठ्यांपैकी एकीवर अंकाच्या जागी नुसते ‘भगवान न करे’ असे लिहून आले होते. म्हणून प्रश्नाला अट जोडावी: ‘तुमच्या ओळखीच्या कुणाला अशीच तक्रार असेल, तर तुम्ही त्यांना इथे दाखवायला सांगाल, याची शक्यता ० ते १० मध्ये किती?’ इंदुरात चिठ्ठीची एक बाजू हिंदीत असणे अपरिहार्य आहे, कारण मराठी घरांतली तरुण मंडळीदेखील लिहायला हिंदीच पसंत करतात. दोन्ही बाजूंचा अर्थ एकच राहतो की नाही हे तपासण्यासाठी हिंदी मजकूर एका व्यक्तीकडून पुन्हा मराठीत करून घ्यावा आणि मूळ मजकुराशी ताडून पाहावा. शून्याखाली ‘मुळीच नाही’ आणि दहाखाली ‘नक्की सांगेन’ हे शब्द छापावेत. मधल्या अंकांखाली काहीही छापू नये.

दुसरा प्रश्न एकच असावा: ‘हा अंक देण्याचे मुख्य कारण काय?’ त्याखाली तीन रिकाम्या ओळी पुरतात. स्वच्छता, वागणूक, फी, बसण्याची सोय अशा बारा रकान्यांची चिठ्ठी भरण्यास औषधे हातात घेऊन उभा असलेला माणूस राजी होत नाही, आणि राजी झाला तर सगळीकडे एकच खूण करतो. वाट किती वेळ पाहावी लागली हे तर रुग्णाला विचारूच नये. टोकन दिल्याची आणि आत बोलावल्याची वेळ काउंटरवरच्या रजिस्टरात लिहावी. ही नोंद चिठ्ठीहून अधिक उपयोगी ठरते, ते पुढे येईलच.

अंक हाती आल्यावर ९ आणि १० देणारे समर्थक, ७ आणि ८ देणारे तटस्थ, तर ० ते ६ देणारे नाराज मानले जातात. समर्थकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की स्कोअर मिळतो आणि तो उणे १०० ते अधिक १०० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. येथे आपल्याकडच्या लोकांची एक सवय आधीच समजून घ्यावी. सुरुवातीच्या आठवड्यात एका सेवानिवृत्त शिक्षकांची चिठ्ठी आली. अंक ६ आणि कारण ‘डॉक्टरांचा हात फार चांगला, समजावून सांगतात’. पुढच्या खेपेला मी त्यांना भीतभीतच विचारले. ते म्हणाले, “अहो, साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! दहापैकी दहा मी उभ्या नोकरीत कुणाला दिले नाहीत.” हिशेबात मात्र ते नाराज ठरले. यावर उपाय म्हणून सीमारेषा आपल्या सोयीने सरकवू नये, कारण मग तो स्कोअर नेट प्रमोटर स्कोअर राहत नाही. दुसऱ्या देशातील किंवा मोठ्या रुग्णालयाच्या आकड्याशी तुलना करण्याचा मोह सोडावा, आपला स्कोअर आपल्याच मागील स्कोअरशी ताडावा आणि त्याच्याजवळ ० पासून १० पर्यंत प्रत्येक अंक कितींनी दिला याचा साधा तक्ता नेहमी ठेवावा. सहा-सातांचा ढीग कारणे चांगली असूनही मोठा दिसला, तर तो या सवयीचा आहे हे तक्त्यावरून लगेच ओळखता येते.

चिठ्ठी कुणाला द्यायची हा निर्णय काउंटरवरच्या माणसावर सोडू नये. आमच्या रिसेप्शनिस्ट ताई मनाने चांगल्या आहेत आणि म्हणूनच त्या हसऱ्या चेहऱ्यालाच चिठ्ठी देत होत्या. चिडलेल्या माणसाला आणखी कशाला त्रास द्यायचा, हे त्यांचे म्हणणे माणूस म्हणून चूक नव्हते. त्यावर नियम केला की रोज सकाळी डब्यातून ० ते ९ यांपैकी एक अंक काढायचा आणि टोकनच्या शेवटी तो अंक असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची. त्यामुळे दिवसाला चार आणि महिन्याला शंभराच्या आसपास चिठ्ठ्या जातात, त्यांतल्या साठेक परत येतात. दिलेल्या आणि परत आलेल्या चिठ्ठ्यांची संख्या दोन वेगळ्या रकान्यांत लिहावी, कारण परतीचे प्रमाण अचानक घसरले तर त्या महिन्याचा स्कोअर कितीही गोड असला तरी संशयाने पाहावा लागतो. मधुमेहाचे रुग्ण दर महिन्याला येतात, म्हणून ज्याला तीन महिन्यांच्या आत चिठ्ठी मिळाली आहे त्याला वगळावे. मुलांच्या बाबतीत चिठ्ठी पालकांनी भरली अशी खूण करावी.

चिठ्ठी औषध घेऊन झाल्यावर, दाराशी द्यावी आणि ती कुलूपबंद पेटीत पडावी. कंपाउंडर समोर उभा असताना इंदूरचा माणूस ‘सब बढ़िया है भिया’ याखेरीज दुसरे काही सांगणार नाही. पेटीची किल्ली काउंटरवर ठेवू नये.

आता आकडे भरण्याची तयारी. स्प्रेडशीटमध्ये अंकांचा रकाना ० ते १० मधील पूर्ण संख्याच स्वीकारेल असे बंधन आधी घालावे. आमच्याकडे एकाने चिठ्ठीवर होते तसेच ‘8/10’ भरले. शीटने त्याची तारीख केली, आणि तारीख आतून चाळीस हजारांहून मोठी संख्या म्हणून साठवली जात असल्याने तो आठ देणारा तटस्थ माणूस समर्थकांत मोजला गेला. रिकाम्या चिठ्ठीसाठी शून्य भरू नये, खण रिकामाच ठेवावा. अंक C रकान्यात असतील, तर सूत्र असे:

```
=(COUNTIF(C2:C61,">=9")-COUNTIF(C2:C61,"<=6"))/COUNT(C2:C61)*100
```

यापुढची तयारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: स्कोअर किती हलला तर हालचाल मानायची, हे पहिला आकडा पाहण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवणे. आमच्या पहिल्या महिन्यात ६० चिठ्ठ्या आल्या. त्यांत ३३ समर्थक, १५ तटस्थ आणि १२ नाराज, म्हणजे ५५ वजा २०, स्कोअर ३५. दुसऱ्या महिन्यात ५८ चिठ्ठ्यांत २९ समर्थक, १३ तटस्थ आणि १६ नाराज निघाले आणि स्कोअर २२ वर आला. तेरा अंकांची घसरण पाहून मोठे डॉक्टर रिसेप्शनिस्ट बदलण्याच्या गोष्टी करू लागले. परंतु एवढ्या थोड्या चिठ्ठ्यांवर काढलेल्या स्कोअरमध्ये निव्वळ योगायोगाने वीसेक अंकांचा फरक दोन्ही बाजूंना पडू शकतो, आणि अशा दोन महिन्यांची तुलना करताना ही मर्यादा तीसच्या घरात जाते. तेव्हा ३५ आणि २२ हे एकाच परिस्थितीचे दोन आकडे असणे सहज शक्य होते. तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या, म्हणजे १८० च्या आसपास झाल्या, की एका स्कोअरची मर्यादा विसावरून बारापर्यंत उतरते. म्हणून आम्ही दर महिन्याला मागील तीन महिन्यांचा एकत्रित स्कोअर काढतो आणि पहिले तीन महिने कुणालाही आकडा दाखवायचा नाही असे ठरवले आहे, जे डॉक्टरांना मुळीच आवडले नव्हते.

तरीही त्या सोळा नाराजांच्या चिठ्ठ्या वाया गेल्या नाहीत. त्यांची कारणे एकेक वाचून ढीग लावले, तेव्हा नऊ चिठ्ठ्या वाट पाहण्याबद्दल निघाल्या आणि त्यांपैकी सात सोमवार संध्याकाळच्या होत्या. रजिस्टर उघडले, इतर संध्याकाळी टोकनपासून आत जाईपर्यंत सरासरी पस्तीस मिनिटे लागत होती, सोमवारी सत्तर. रविवारी साठलेली गर्दी होतीच, शिवाय औषध कंपन्यांचे एमआर सोमवारी सातच्या सुमारास रुग्णांच्या मधूनच आत जात होते. त्यांची वेळ ओपीडी संपल्यावर ठेवली आणि रिसेप्शनिस्ट ताईंची नोकरी जागच्या जागी राहिली. स्कोअरने यातले काही सांगितले नव्हते. तिसऱ्या ओळीत घाईने लिहिलेल्या कारणाने आणि घड्याळाच्या नोंदीने सांगितले. म्हणून कारणांचे वर्गीकरण कोण करणार आणि महिन्याच्या कोणत्या दिवशी, हे आधीच नेमून द्यावे. उपचाराबद्दलची तक्रार मात्र या ढिगात महिनाभर पडू देऊ नये: पेटी रोज संध्याकाळी उघडावी आणि अशी चिठ्ठी त्याच दिवशी डॉक्टरांच्या हाती द्यावी.

ज्यांना फोन आलेला चालेल त्यांच्यासाठी चिठ्ठीच्या तळाशी फाडून वेगळा होणारा तुकडा असावा, ज्यावर फोन नंबर ऐच्छिक आहे आणि तो केवळ या अभिप्रायासंबंधी बोलण्यासाठीच वापरला जाईल हे स्पष्ट छापलेले असावे. नाराजांना दोन दिवसांच्या आत फोन करावा, परंतु ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याने करू नये आणि फोनवर अंक वाढवून मागू नये. समर्थकांनाच तेवढे गूगलवर लिहायला पाठवण्याची कल्पना आमच्याकडेही निघाली होती. केवळ खूश ग्राहकांकडून अभिप्राय मागणे गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्ण आकर्षित करण्याच्या प्रयत्नांना मनाई असल्याने चिठ्ठ्यांवरील स्तुती भिंतीवर किंवा पत्रकावर छापण्याचा विषयही तेथेच बंद केला. फोन झाल्यावर तारीख आणि काय बोलणे झाले ते शीटमध्ये उतरवून घ्यावे, आणि नंबराचा तुकडा त्याच आठवड्यात फाडून टाकावा.