जाहिरातीतले खटकणारे शब्द शोधताना 'सवय' अडकली

हिशेबनिसाच्या जागेची जाहिरात छापायला देण्याआधी ती ठरलेल्या शब्दांच्या यादीवरून तपासायची होती. यादीत एका ओळीला एक शब्द: अविवाहित, तरुण, देखणा, मुलगी, वय. मग:

```
grep -noFf yadi.txt jahirat.txt
```

ओळ क्रमांक आणि सापडलेला शब्द, एवढंच परत येतं.

'अविवाहितांना प्राधान्य' लगेच सापडलं, पण 'मुलींनीच अर्ज करावा' सुटलं. विभक्ती लागली की 'मुलगी'चं 'मुलीं' होतं आणि हुबेहूब अक्षरं शोधणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून 'मुलीं', 'देखण्या' अशी रूपं वेगळी घातली. 'तरुण'ला गरज नाही, 'तरुणांना'मध्ये तो अख्खा बसतो.

उलटा घोळ 'वय'चा. 'एक्सेलची सवय हवी' हे निरुपद्रवी वाक्यही पकडलं, कारण 'सवय'च्या पोटात 'वय' आहे! सुटा शब्द काढून 'वयोमर्यादा', 'वय २' आणि 'वय 2' टाकलं. आकडे लोक दोन्ही लिपींत लिहितात.

'स्वतःची दुचाकी आवश्यक' मात्र यादीत नाही घातलं. वसुलीच्या कामाला ती लागते, टेबलावरच्या हिशेबाला नाही. ते माणसानंच वाचून ठरवायचं. या जाहिरातीतून मी ते काढायला लावलं.