थकबाकीवरचा जादा कर असा परत मिळवला

आमची जिल्हा परिषदेची शाळा चिमूर तालुक्यात. वेतननिश्चितीची २०१९-२० ची १ लाखाची थकबाकी २०२३-२४ मध्ये एकदम हाती आली. त्या वर्षी थकबाकी सोडूनच माझं करपात्र उत्पन्न १०,२०,००० होतं, त्यामुळे अख्खी थकबाकी ३० टक्क्यांत गेली आणि सेससह ३१,२०० रुपये कापले गेले. करप्रणाली जुनीच होती.

कलम ८९ ची सवलत इथंच कामी येते. २०१९-२० मध्ये माझं करपात्र उत्पन्न ७ लाख होतं. तेव्हाच पैसे मिळाले असते, तर २० टक्क्यांनी २०,८०० रुपयेच लागले असते. फरक १०,४०० रुपयांचा, तेवढीच सवलत. दोन्ही वर्षी टप्पा सारखाच असता, तर काहीच मिळालं नसतं.

आधी पोर्टलवर Form 10E भरला, मगच रिटर्न. हा क्रम महत्त्वाचा, कारण फॉर्म नसेल तर सवलतीचा दावा नाकारून कराची मागणी येते. फॉर्मला त्या जुन्या वर्षाचं करपात्र उत्पन्न लागतं, म्हणून जुना फॉर्म १६ जपून ठेवा. रिटर्नमध्ये पूर्ण थकबाकी पगारातच दाखवली आणि १०,४०० Relief u/s 89 या रकान्यात टाकले. तेवढे पैसे रिफंडात आले.