लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची डीआरव्हीव्हीटी चाचणी: या चुका टाळा

लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडला की पेशंटला वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, रक्त पातळ करणारी गोळी सुरू होऊ शकते. रिपोर्ट चुकून निगेटिव्ह गेला, तर गर्भपात पुन्हा पुन्हा होणाऱ्या बाईचं निदानच निसटतं. रिएजंट खराब असण्यापेक्षा सॅम्पल घेताना, फिरवताना आणि आकडे वाचताना झालेल्या चुकाच इथे जास्त नडतात.

आधी चाचणीचा गाभा पाहू. घोणस सापाच्या विषातला एक घटक रक्तातल्या फॅक्टर दहाला थेट चालू करतो. पुढे फॅक्टर पाच, प्रोथ्रॉम्बिन, कॅल्शियम आणि फॉस्फोलिपिड यांच्या मदतीने गुठळी बनते. सात, आठ, नऊ, अकरा आणि बारा या फॅक्टरांचा इथे संबंधच येत नाही, त्यामुळे हिमोफिलियासारख्या कमतरतेने हा वेळ लांबत नाही. लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे फॉस्फोलिपिडवर जमलेल्या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी. स्क्रीन रिएजंटमध्ये फॉस्फोलिपिड मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. या अँटिबॉडी ते अडवून धरतात आणि वेळ लांबतो. कन्फर्म रिएजंटमध्ये फॉस्फोलिपिड भरपूर असतं. सगळं अडवणं अँटिबॉडींना जमत नाही, म्हणून वेळ पुन्हा आखडतो. या दोन वेळांमधली तफावत हाच चाचणीचा निकाल. नुसता स्क्रीन लांबला म्हणून पॉझिटिव्ह लिहिणं ही पहिली चूक.

प्लाझ्मामध्ये प्लेटलेट राहू देणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, कारण ती रिपोर्टवर दिसत नाही. प्लेटलेटचं आवरण फॉस्फोलिपिडचंच असतं. एकदाच फिरवलेला प्लाझ्मा फ्रीजरमध्ये गेला की त्यात उरलेल्या प्लेटलेट गोठताना आणि वितळताना फुटतात आणि त्यांचं फॉस्फोलिपिड प्लाझ्मात मिसळतं. मग स्क्रीन रिएजंटमध्ये कमी ठेवलेलं फॉस्फोलिपिड कमी राहतच नाही. अँटिबॉडी त्यातच खर्ची पडते, स्क्रीन नॉर्मल येतो आणि खरा पॉझिटिव्ह पेशंट निगेटिव्ह ठरतो. सौम्य पॉझिटिव्ह सॅम्पल अशा वेळी हमखास हातचे जातात.

उपाय म्हणजे दोनदा फिरवणं. ३.२ टक्के सायट्रेटची निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी. ती आधी २००० जी वेगावर १५ मिनिटं फिरवायची. वरचा प्लाझ्मा प्लॅस्टिक पिपेटने प्लॅस्टिकच्याच ट्यूबमध्ये काढायचा, पेशींच्या थराला टोक लागू न देता. मग २५०० जीच्या वर १० मिनिटं पुन्हा फिरवायचा आणि तळाचा थोडा भाग सोडून बाकीचा घ्यायचा. इथे जी म्हणजे आरपीएम नव्हे. आपल्या मशीनच्या रोटरच्या त्रिज्येवरून आरपीएम काढून तो भिंतीवर लावून ठेवा. प्लाझ्मात प्लेटलेट एका मायक्रोलिटरला १०,००० पेक्षा कमी हव्यात. खात्री करायला अधूनमधून तयार प्लाझ्मा सेल काउंटरवर लावून पाहा. आणि एकदा गोठवलेला प्लाझ्मा नंतर फिरवून उपयोग नाही, तोवर प्लेटलेट फुटलेल्या असतात.

गोळी कोणती चालू आहे हे न विचारणं

एक नमुना केस आकड्यांसकट पाहू. पायाच्या शिरेत गुठळी झालेली तरुणी, रिव्हारोक्साबॅन चालू, सकाळची गोळी घेऊन सॅम्पल द्यायला आली. फॉर्मवर औषधाचा उल्लेख नाही. स्क्रीन ६२ सेकंद आला, पूल्ड नॉर्मल प्लाझ्माचा ३६. भागून स्क्रीन रेशो १.७२. पेशंटचा आणि नॉर्मल प्लाझ्मा समसमान मिसळून स्क्रीन लावला तर ५१ सेकंद, म्हणजे १.४२, मिक्सिंगने वेळ सुधारला नाही, तेव्हा फॅक्टरची कमतरता नाही असं वाटलं. कन्फर्म ३९ सेकंद, नॉर्मल प्लाझ्माचा ३३, रेशो १.१८. आता १.७२ भागिले १.१८ म्हणजे नॉर्मलाइज्ड रेशो १.४६. लॅबची मर्यादा १.२० धरली, तर तिन्ही पायऱ्या एकमुखाने पॉझिटिव्ह म्हणतात.

आणि तिन्ही चुकतात. रिव्हारोक्साबॅन सक्रिय फॅक्टर दहालाच रोखतं, आणि घोणसाचं विष तोच फॅक्टर तयार करतं. बऱ्याच रिएजंटमध्ये हे औषध स्क्रीनचा वेळ कन्फर्मपेक्षा जास्त लांबवतं, त्यामुळे तफावत अगदी अँटिबॉडीसारखी दिसते. मिक्सिंगमध्येही औषध असतंच, म्हणून तीही पायरी फसते. याच प्लाझ्मातलं औषध कोळशावर आधारित शोषकाने काढलं, फिरवून कोळसा पूर्ण वेगळा केला आणि चाचणी पुन्हा लावली. स्क्रीन ४० सेकंद, रेशो १.११. कन्फर्म ३५, रेशो १.०६. भागाकार १.०५. निगेटिव्ह.

शोषक नसेल तर डॉक्टरांशी बोलून पेशंट हेपारिनवर असतानाच्या काळात सॅम्पल घेता येतं. गोळी मात्र लॅबच्या सांगण्यावरून कुणी परस्पर बंद करू नये. पुढच्या डोसच्या अगदी आधी सॅम्पल घेतलं म्हणजे भागलं, असंही नाही. उरलेलं थोडं औषधही कधी कधी निकाल बिघडवायला पुरतं. शंका असेल तर अँटी-टेनए पातळी मोजून पाहा.

हेपारिनचं थोडं वेगळं आहे. बहुतेक डीआरव्हीव्हीटी रिएजंटमध्ये हेपारिन निष्प्रभ करणारा घटक असतो, पण त्याला मर्यादा असते, साधारण ०.८ ते १ युनिट प्रति मिलिलिटर. आयव्ही लाइनमधून काढलेलं सॅम्पल ती सहज ओलांडतं. साध्या हेपारिनची शंका आली तर थ्रॉम्बिन टाइम लावा, तो खूप लांबलेला मिळेल. लो मॉलिक्युलर हेपारिन घेणाऱ्यांचं सॅम्पल शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १२ तासांनी घ्यावं.

वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉलवर फॅक्टर दोन आणि दहा कमी होतात, त्यामुळे स्क्रीन आणि कन्फर्म दोन्ही लांबतात. आयएनआर १.५ ते ३ असेल तर नॉर्मल प्लाझ्मात समसमान मिसळून चाचणी करतात, पण त्याने अँटिबॉडीही निम्मी पातळ होते. म्हणून अशा सॅम्पलचा निगेटिव्ह निकाल ठामपणे लिहू नये. आयएनआर ३ च्या वर असेल तर थांबलेलं बरं.

सेकंदांवरून निर्णय घेणं

दुसऱ्या लॅबचे सेकंद आपल्या सेकंदांशी ताडून उपयोग नाही. रिएजंट, मशीन, लॉट बदलला की आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक वेळी पूल्ड नॉर्मल प्लाझ्मा सोबत लावायचा आणि रेशोच वाचायचा. मर्यादाही किटच्या कागदावरून डोळे झाकून उचलू नका. ती निरोगी लोकांच्या निकालांच्या ९९व्या पर्सेंटाइलवर ठरते; निदान आपल्याकडच्या काही निरोगी सॅम्पलवर पडताळून घ्या.

डीआरव्हीव्हीटी निगेटिव्ह आली म्हणून लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नाही, असंही लिहू नये. काही अँटिबॉडी फक्त लुपसला संवेदनशील एपीटीटीमध्ये दिसतात. दोन्ही चाचण्या लावायच्या आणि एक जरी पॉझिटिव्ह असेल तरी निकाल पॉझिटिव्ह धरायचा.

रिपोर्टवर स्क्रीन रेशो, कन्फर्म रेशो, नॉर्मलाइज्ड रेशो, पेशंटची औषधं आणि शोषक वापरला की नाही हे सगळं असू द्या. पॉझिटिव्ह असेल तर १२ आठवड्यांनंतर पुन्हा तपासा असं स्पष्ट लिहा, कारण संसर्गानंतर या अँटिबॉडी काही काळ दिसून नाहीशाही होतात. वरच्या तरुणीसारख्या केसमध्ये फॉर्म परत पाठवण्यापेक्षा वॉर्डात फोन करून गोळीचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ विचारून घ्या.