मंगळवारची भरलेली चौकट, बुधवारची रिकामी

कॉलेजच्या टाइमटेबलमधून अभ्यासासाठी आपले मोकळे तास काढायचे, तर वर्गाच्या ग्रुपवर आलेला त्याचा स्क्रीनशॉट आधी उघडून मोठा करा. `w.e.f.` पुढची, म्हणजे टाइमटेबल लागू झाल्याची तारीख ताजी आहे ना आणि डिव्हिजन आपलीच आहे ना, हे बघून घ्या. सोबत कोरा कागद, दोन रंगांची पेनं आणि सिलॅबसचं ते पान ठेवा, ज्यावर प्रत्येक विषयाची आठवड्याची लेक्चरं आणि प्रॅक्टिकलचे तास छापलेले असतात.

आता आपली बॅच शोधा. खरी गंमत इथंच आहे. समजा तुम्ही सेकंड इयर कॉम्प्युटरला `B2` बॅचमध्ये आहात आणि मोहोळहून एसटीने सोलापूरला येता. मंगळवारी 3:15 ते 5:15 ची चौकट गच्च भरलेली दिसते: `B1-DS, B3-CN, B4-DM`. नीट वाचा, त्यात `B2` कुठंच नाही. म्हणजे ते दोन तास तुम्हाला मोकळे. उलट बुधवारी 11:15 ची चौकट कोरी दिसते, पण 10:15 ला तुमचं `DS` लॅब आहे आणि लॅब दोन तासांचं असतं. मधली रेघ स्क्रीनशॉटमध्ये पुसट झाली, एवढंच. तो तास मोकळा धरलात तर बुधवारचं सगळं गणित चुकणार.

म्हणून एका रंगाने आपले तास आणि दुसऱ्याने मोकळे तास कागदावर उतरवा, मग सिलॅबसच्या पानाशी ताळा करा. `DM` ची तीन लेक्चरं छापली असतील आणि तुमच्या कागदावर दोनच भरली, तर एखादी चौकट चुकीची वाचली गेली आहे. ती सापडेपर्यंत पुढं जाऊ नका.

मोकळा तास म्हणजे पूर्ण साठ मिनिटं नव्हे. वर्गातून लायब्ररीत जाऊन जागा मिळवून बसेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. त्यामुळे गुरुवारी 1 ते 2 सुटा तास असेल तर सकाळच्या लेक्चरच्या नोट्स पूर्ण करण्यापलीकडं त्यात काही घालू नका. `DM` ची गणितं मंगळवारी 3:30 ते 5:00 मध्ये ठेवा. कागद-पेन घेऊन सलग बसल्याशिवाय ती सुटत नाहीत. लवकरची एसटी धरून घरी जावंसं वाटेल, पण रस्त्यातच तासभर जातो आणि घरी पोचल्यावर पुस्तक उघडलं जातंच असं नाही, म्हणून हे दोन तास कॉलेजातच वापरावेत असं माझं ठाम मत आहे.

शनिवारची एक जागा मुद्दाम कोरी ठेवा, आठवड्यात राहिलेलं तिथं जातं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यासाठी मात्र वेगळा कागद करा, तेव्हा नेहमीच्या वेळा पाळल्या जात नाहीत. आणि ग्रुपवर नवा स्क्रीनशॉट आला की जुन्यावर खाडाखोड न करता फक्त आपल्या बॅचच्या चौकटी पुन्हा वाचून काढा.